परदेशातली कमाई भारतात ठेवायचीय, पण रुपयात की डॉलरमध्ये? एनआरई आणि एफसीएनआर ठेवीतला फरक समजून घ्या

नाशिकच्या अंबड, सातपूर, सिडको भागात एक गोष्ट नवीन नाही. पोरगं आयटीआय करतं, अंबड एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात दोन-चार वर्षं वेल्डिंग, फिटिंग नाहीतर सीएनसी मशीनवर हात बसवतं आणि मग दुबई, कतार किंवा सौदीचा व्हिसा लागतो. पहिलं वर्ष कर्ज फेडण्यात जातं. दुसऱ्या वर्षापासून पैसे साठायला लागतात आणि मग बँकेतून फोन येतो, "सर, तुम्हाला एनआरई एफडी करायची की एफसीएनआर?"

बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, "व्याज कशात जास्त?" उत्तर मिळतं एनआरईमध्ये. मग एनआरई होऊन जाते.

पण व्याजाचा आकडा इथे अर्धीच गोष्ट सांगतो. उरलेली अर्धी गोष्ट डॉलरचा भाव सांगतो, आणि हे पैसे शेवटी कुठे खर्च होणार यावर ती ठरते.

आधी तीन खाती वेगळी करूया

परदेशात राहणाऱ्या भारतीयासाठी भारतातल्या बँकेत मुख्यतः तीन प्रकारच्या ठेवी असतात.

पहिली एनआरओ. भारतातच मिळणारं उत्पन्न इथे जातं. सिडकोतल्या फ्लॅटचं भाडं, गावच्या जमिनीचे पैसे, जुन्या एफडी वगैरे. ठेव रुपयात असते आणि व्याजावर भारतात कर लागतो. बँक सेससकट साधारण 31.2 टक्के कर आधीच कापून घेते.

दुसरी एनआरई. ही परदेशात कमावलेल्या पैशासाठी आहे. तुम्ही दिरहम किंवा डॉलर पाठवता, बँक त्याचे रुपये करते आणि ठेव रुपयातच राहते. व्याज भारतात करमुक्त असतं.

तिसरी एफसीएनआर, कागदोपत्री नाव एफसीएनआर (बी). हीसुद्धा परदेशातल्या कमाईसाठीच आहे, पण इथे पैशाचे रुपये होतच नाहीत. डॉलर ठेवले तर पावतीवर डॉलर लिहिलेले असतात, व्याज डॉलरमध्ये मिळतं आणि मुदत संपल्यावर हातात डॉलरच येतात. याचंही व्याज भारतात करमुक्त आहे. मुदत किमान 1 वर्ष आणि जास्तीत जास्त 5 वर्षं. यात बचत खातं नसतं, फक्त मुदत ठेव.

म्हणजे खरी लढत एनआरई आणि एफसीएनआरमध्ये आहे. पैसा तोच, कर दोन्हीकडे शून्य. फरक एवढाच की एक ठेव रुपयात आहे आणि दुसरी परकी चलनात.

डॉलरवर व्याज कमी का मिळतं?

याचं कारण बँकेचा कंजूषपणा नाही. रुपयातली ठेव बँक रुपयातच कर्जाने देते आणि भारतातले व्याजदर अमेरिकेपेक्षा साधारणपणे जास्त असतात. डॉलरची ठेव घेतली की बँकेला मुदतीअखेर डॉलरच परत द्यायचे असतात. त्यामुळे ती एकतर डॉलरमध्ये कर्ज देते, नाहीतर डॉलरचे रुपये करून वापरते आणि पुढे डॉलर परत घेण्याचा दर आजच बांधून ठेवते. हा दर बांधायला खर्च येतो. तो खर्च वजा जाऊन जे उरतं, त्यातून तुम्हाला व्याज मिळतं.

रिझर्व्ह बँकेने दोन्हीकडे मर्यादाही घातल्या आहेत. एनआरई ठेवीचा दर त्याच बँकेच्या देशातल्या साध्या एफडीपेक्षा जास्त असू शकत नाही. ज्येष्ठ नागरिकांचा जादा अर्धा टक्काही इथे मिळत नाही. एफसीएनआरचा कमाल दर त्या-त्या चलनाच्या आंतरराष्ट्रीय संदर्भ दराला बांधलेला आहे. 3 वर्षांपेक्षा कमी मुदतीला त्या दरावर अडीच टक्के आणि 3 ते 5 वर्षांना साडेतीन टक्के, अशी नेहमीची मर्यादा. डिसेंबर 2024 मध्ये रुपयावर ताण आला तेव्हा ती मार्च 2025 पर्यंत वाढवून 4 आणि 5 टक्के केली होती. देशाला डॉलर हवे असले की हा दरवाजा थोडा जास्त उघडतो.

आता मुद्दा लक्षात आला का? रुपयावरचं जास्त व्याज हे फुकटचं बक्षीस नाही. रुपया पडण्याची जोखीम तुम्ही अंगावर घेताय, त्याचा तो मोबदला आहे.

आकड्यांत पाहू: 20,000 डॉलर, 3 वर्षं

समजा, अंबडचा एक तरुण दुबईत काम करतो. त्याने 20,000 डॉलर साठवले आहेत आणि ते 3 वर्षं लागणार नाहीत. गणित सोपं राहावं म्हणून डॉलर 85 रुपयांना, एनआरईचा दर 6.5 टक्के आणि डॉलर एफसीएनआरचा दर 4 टक्के धरू. तुमच्या बँकेचे आजचे दर वेगळे असतील, पण रीत हीच.

एनआरईचा रस्ता असा. 20,000 डॉलरचे 17,00,000 रुपये झाले. 6.5 टक्क्यांनी, तिमाही चक्रवाढीने, 3 वर्षांनी साधारण 20,62,800 रुपये होतात.

एफसीएनआरचा रस्ता असा. 20,000 डॉलर तसेच राहिले. इथे वर्ष 360 दिवसांचं धरतात आणि व्याज दर 180 दिवसांनी मुद्दलात मिळतं. 3 वर्षांनी साधारण 22,560 डॉलर होतात.

आता एकच भागाकार करा. 20,62,800 भागिले 22,560. उत्तर येतं साधारण 91.4.

हाच तो आकडा, जो बँकेच्या फोनवर कुणी सांगत नाही. 3 वर्षांनी डॉलर 91.4 रुपयांच्या खाली असेल तर एनआरई जिंकली. वर असेल तर एफसीएनआर जिंकली. 85 वरून 91.4 म्हणजे वर्षाला जेमतेम अडीच टक्क्यांची घसरण. दोन व्याजदरांतला फरकही अडीच टक्केच होता. हा योगायोग नाही. घाईत असाल तर दोन दरांची वजाबाकी करा. रुपया वर्षाला तेवढ्यापेक्षा जास्त पडला तर डॉलरची ठेव बरी, कमी पडला तर रुपयाची.

दोन टोकं पाहू. 3 वर्षांनी डॉलर 87 वर असेल तर एफसीएनआरच्या डॉलरचे साधारण 19,62,700 रुपये येतील, म्हणजे एनआरईपेक्षा 1 लाख कमी. डॉलर 96 वर गेला तर साधारण 21,65,800 रुपये येतील, म्हणजे 1 लाखाहून थोडे जास्त.

मग रुपया खरंच किती पडतो?

इथे बरेच जण सरासरी काढतात आणि फसतात. रुपया जिन्यासारखा उतरतो. बराच वेळ एकाच पायरीवर उभा राहतो आणि मग एकदम दोन पायऱ्या खाली येतो.

मागची काही वर्षं बघा. मार्च 2020 च्या शेवटी डॉलर साधारण 75.4 रुपयांना होता. मार्च 2021 ला तो 73.5 वर आला, म्हणजे रुपया उलट वधारला. मार्च 2022 ला 75.8. म्हणजे 2 वर्षांत रुपया जवळपास जागेवरच होता. या काळात ज्याने एनआरई ठेवली, त्याला जास्तीचं व्याज जवळजवळ निव्वळ नफा म्हणून मिळालं.

मग युक्रेनचं युद्ध, महागलेलं तेल आणि अमेरिकेने भराभर वाढवलेले व्याजदर एकामागोमाग आले. मार्च 2023 ला डॉलर 82.2 वर होता. एका वर्षात 8 टक्क्यांहून जास्त वाढ. मार्च 2025 च्या शेवटी तो साधारण 85.5 होता. मार्च 2022 ते मार्च 2025 अशी 3 वर्षांची ठेव धरली तर डॉलर वर्षाला साधारण 4 टक्क्यांनी महागला. वरच्या उदाहरणातली अडीच टक्क्यांची वेस त्याने सहज ओलांडली असती.

म्हणजे ठेव कोणत्या महिन्यात केली यावरही निकाल ठरतो. तो महिना आधी ओळखणं कुणालाच जमत नाही. म्हणून "रुपया पडेल का?" या प्रश्नावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. त्याऐवजी दुसरा प्रश्न विचारावा.

खरा प्रश्न: हे पैसे खर्च कुठे होणार?

समजा, त्याच तरुणाला 3 वर्षांनी पाथर्डी फाट्याजवळ फ्लॅट घ्यायचाय. बिल्डरला पैसे रुपयात द्यायचे आहेत. मग एनआरई ठेवीत त्याला चलनाची जोखीम जवळपास उरतच नाही. 20,62,800 रुपये मिळणार हे आजच पक्कं आहे. डॉलर 80 झाला काय आणि 100 झाला काय, फ्लॅटचं गणित हलत नाही. उलट त्याने डॉलरमध्ये ठेवले तर जोखीम आहे. रुपया मजबूत झाला तर फ्लॅटच्या पैशात खड्डा पडेल.

आता दुसरा तरुण घ्या. त्याला 3 वर्षांनी हे पैसे परत बाहेर न्यायचे आहेत. मुलीचं कॅनडातलं शिक्षण असेल, दुबईत स्वतःचं वर्कशॉप टाकायचं असेल. याचा खर्च परकी चलनात आहे. त्याने एनआरई केली आणि डॉलर 96 झाला, तर 20,62,800 रुपयांचे साधारण 21,490 डॉलरच होतील. एफसीएनआरमध्ये 22,560 मिळाले असते. हजाराहून जास्त डॉलर कमी. व्याज जास्त मिळूनही.

सूत्र एवढंच. ज्या चलनात खर्च, त्या चलनात ठेव. काहीच ठरलेलं नसेल तर निम्मे इकडे, निम्मे तिकडे ठेवणं हा भित्रेपणा नाही. एका बाजूचं नुकसान दुसरी बाजू थोडं भरून काढते.

आखातात काम करणाऱ्यांसाठी एक सोयीची गोष्ट आहे. युएईचा दिरहम 1997 पासून डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे. सौदी रियाल 3.75 ला आणि कतारी रियाल 3.64 ला. त्यामुळे पगार दिरहमात असला तरी डॉलरची एफसीएनआर म्हणजे जवळपास स्वतःच्याच चलनातली ठेव झाली. पाउंड किंवा युरो कमावणाऱ्याने मात्र केवळ व्याज जास्त दिसतंय म्हणून डॉलर निवडला, तर तो रुपयाची जोखीम टाळून पाउंड-डॉलरची नवी जोखीम घेतोय.

पैसे परत न्यायला किती सोपं?

कायद्याने एनआरई आणि एफसीएनआर दोन्ही मोकळ्या आहेत. मुद्दल आणि व्याज हवं तेव्हा, हवं तेवढं परदेशात नेता येतं. वार्षिक मर्यादा नाही.

अडचण एनआरओमध्ये येते. तिथून एका आर्थिक वर्षात सगळं मिळून 10 लाख डॉलरपर्यंतच रक्कम बाहेर नेता येते. रकमेने ही मर्यादा सामान्य माणसाला पुरते, पण कर भरल्याचं दाखवावं लागतं आणि सहसा सीएचं प्रमाणपत्र व ऑनलाइन फॉर्म लागतो. एनआरओमधून एनआरईत पैसे वळवायचे तरी हीच वाट आहे. म्हणून दुबईचा पगार आळसाने एनआरओत किंवा जुन्या साध्या बचत खात्यात टाकू नका. करमुक्त आणि मोकळा पैसा तुम्ही स्वतःच्या हाताने करपात्र आणि अडकलेला करून घेता. शिवाय नोकरीसाठी बाहेर गेल्यावर जुनं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ करून घ्यावं लागतं.

मोकळं असलं तरी फुकट नाही, हेही बघा. एनआरईमध्ये येताना डॉलरचे रुपये होतात आणि परत जाताना रुपयांचे डॉलर. दोन्ही वेळा बँक बाजारभावापेक्षा थोडा फरक ठेवते. हा फरक डॉलरमागे 50 पैसे धरला, तरी आपल्या उदाहरणात येताना 10,000 आणि जाताना साधारण 11,000 रुपये गेले. वर चलन बदलावर थोडा जीएसटी. डॉलरची एफसीएनआर डॉलरमध्येच परत नेली तर हा दुहेरी खर्च वाचतो. म्हणून ठेवीआधी बँकेला विचारा, "आजचा तुमचा खरेदीचा दर काय?" आणि तो त्या दिवशीच्या अधिकृत संदर्भ दराशी ताडून पाहा. मोठ्या रकमेवर हा दर कमी-जास्त करून मिळू शकतो.

ही जोखीम आधी सरकार उचलायचं!

आज एफसीएनआरमधली चलनाची जोखीम बँक सांभाळते. पण आधी तसं नव्हतं. 1975 मध्ये सुरू झालेल्या जुन्या एफसीएनआर (ए) योजनेत रुपया पडला तर होणारा तोटा रिझर्व्ह बँक सोसायची. बँकांना चिंता नाही, ठेवीदाराला चिंता नाही.

मग 1991 आलं. परकी गंगाजळी आटली, अनिवासी भारतीयांनी ठेवी काढून घेतल्या, देशाला सुमारे 47 टन सोनं तारण ठेवावं लागलं आणि जुलैमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं. डॉलरमध्ये दिलेली प्रत्येक हमी महाग पडली. यातून धडा घेऊन मे 1993 मध्ये एफसीएनआर (बी) आली. यात जोखीम बँकेची. जुनी योजना ऑगस्ट 1994 मध्ये बंद झाली. नावातला तो 'बी' तिथून आलाय.

2013 मध्ये हीच ठेव पुन्हा कामाला आली. ऑगस्टमध्ये रुपया 68 च्या पार गेला होता. सप्टेंबरमध्ये रघुराम राजन गव्हर्नर झाले आणि रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं, 3 वर्षं किंवा जास्त मुदतीच्या एफसीएनआर ठेवी आणा, डॉलर परत घेण्याचा दर आम्ही वर्षाला साडेतीन टक्के खर्चात बांधून देतो. बाजारात हा खर्च बराच जास्त होता. बँकांनी जगभरातल्या भारतीयांकडून डॉलर गोळा केले. बँकांनी बाहेरून घेतलेली कर्जं धरून देशात सुमारे 34 अब्ज डॉलर आले.

कुठे गडबड होते?

पहिली गडबड मुदतीआधी ठेव मोडण्यात. दोन्ही ठेवी 1 वर्षाच्या आत मोडल्या तर एक रुपयाही व्याज मिळत नाही. एफसीएनआर नंतर मोडली तरी बँक दर बांधण्याचा खर्च वसूल करू शकते. आईच्या आजारपणासाठी अचानक पैसे लागले तर ठेव मोडण्याआधी तिच्यावर कर्ज किती दराने मिळतं ते विचारा. सगळी रक्कम एकाच पावतीत न ठेवता 3-4 पावत्या केल्या तर गरजेपुरती एकच मोडता येते.

दुसरी गडबड "जास्त परतावा देणारी एफसीएनआर" या नावाने होते. यात बँक ठेवीसोबतच 3 वर्षांनंतरचा डॉलरचा भाव आज बांधून देते आणि दोन्ही मिळून रुपयातला परतावा सांगते. यात फसवणूक नाही, पण ती आता डॉलरची ठेव राहिलेली नाही. भाव बांधला की रुपया कितीही पडला तरी तो फायदा तुमचा नाही. अशा ठेवीची तुलना एनआरईशी करा. एनआरईपेक्षा स्पष्ट जास्त मिळत असेल तरच घ्या.

तिसरी गडबड परत आल्यावर. कायमचं राहायला भारतात परतलात की बँकेला कळवावं लागतं. एनआरई खातं साधं होतं आणि तिथून पुढचं व्याज करपात्र. एफसीएनआर मात्र मुदत संपेपर्यंत ठरलेल्या दराने चालू ठेवता येते. बरीच वर्षं बाहेर राहून आलेल्यांना प्राप्तिकर कायद्यात साधारण दोन-तीन वर्षं 'निवासी पण सामान्य निवासी नाही' असा दर्जा मिळतो आणि तोपर्यंत एफसीएनआरचं व्याज करमुक्त राहतं. पुढेही डॉलर डॉलरच ठेवायचे असतील तर ते आरएफसी खात्यात टाकता येतात. म्हणून परतायचं ठरलंय पण घाईने खर्च करायचा नाही, अशांना निघण्याआधी लांब मुदतीची एफसीएनआर सोयीची पडते.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. 'करमुक्त' म्हणजे भारतात करमुक्त. अमेरिका तिच्या रहिवाशांच्या जगभरच्या उत्पन्नावर कर घेते, त्यामुळे हे व्याज तिथे दाखवावंच लागतं. युएईत वैयक्तिक प्राप्तिकर नसल्याने तिथल्यांना हा प्रश्न नाही.

आणि शेवटचं. दोन्ही ठेवींना विमा आहे, पण एका बँकेत एका ठेवीदारामागे मुद्दल-व्याज मिळून 5 लाख रुपयांपर्यंतच. एनआरई, एनआरओ, एफसीएनआर वेगवेगळ्या असल्या तरी एकाच नावाने आणि एकाच बँकेत असतील तर बेरीज एकत्र होते.

तर पुढच्या वेळी बँकेचा फोन आला की तीन गोष्टी कागदावर लिहा: दोन्ही ठेवींचा आजचा दर, बँकेचा डॉलर खरेदीचा भाव आणि हे पैसे कोणत्या चलनात खर्च होणार. पहिल्या दोन आकड्यांवरून तुमचा '91.4' काढा. तिसऱ्यावरून निर्णय घ्या.